पोच कोणाला द्यायची: सूचना लिहिणाऱ्याला की चॅटमधल्या माणसाला?

सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये आपण आठ-दहा सूचना लिहितो आणि बॉट सुरू करतो. पहिल्या उत्तरात त्याने ‘समजलं, तुमच्या सूचनांप्रमाणे वागेन’ असं म्हणायचं, की गपगुमान समोरच्याच्या प्रश्नाला भिडायचं? मी दोन्ही प्रकार चालवून पाहिलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण आधी पहिल्या बाजूचं म्हणणं ऐकू.

बनवणाऱ्याला पोच मिळाली की बरं वाटतं हे खरंच आहे. मॉडेल चाचपून बघायच्या प्लेग्राउंडमध्ये सूचना लिहिणारे आपणच आणि पहिला मेसेज टाकणारेही आपणच. तिथे मॉडेलने सूचना आपल्या शब्दांत परत सांगितल्या, तर एखादं वाक्य त्याने भलतंच घेतलंय का ते लगेच कळतं. काही मॉडेल्समुळे ही सवय आणखी मुरली. गूगलच्या जेमा मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये संभाषणाच्या साच्यात `system` अशी वेगळी जागाच नव्हती, फक्त `user` आणि `model`. त्यामुळे सूचना पहिल्या मेसेजमध्येच कोंबाव्या लागत, आणि पुष्कळ जण त्याखाली मॉडेलच्या नावाने एक ‘ठीक आहे, समजलं’ स्वतःच लिहून ठेवत. तो मेसेज ग्राहकाला दाखवायचाच नसल्याने काही बिघडत नसे.

बिघडतं ते खरा माणूस समोर आल्यावर. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचा बॉट घ्या:

```
system: फक्त अपॉइंटमेंटबद्दल बोला. फीचे आकडे सांगू नका.
user: उद्या सकाळी डॉक्टर आहेत का?
```

पोच देणारा बॉट म्हणतो, ‘समजलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी फीचे आकडे सांगणार नाही. उद्या सकाळी…’ आता विचारणाऱ्या बाईंनी फीचं नावही काढलेलं नाही. त्यांचा पुढचा मेसेज ठरलेला: ‘मी कधी सांगितलं असं?’ आणि त्याच्या पुढचा: ‘फी का सांगत नाही तुम्ही?’ मॉडेलच्या लेखी ‘तुम्ही’ म्हणजे सूचना लिहिणारा. पण तो या चॅटमध्ये नाहीच, बहुतेक घरी जेवत असेल. वाचणाऱ्या बाईंच्या लेखी ‘तुम्ही’ म्हणजे त्या स्वतः.

एवढं मी कदाचित चालवूनही घेतलं असतं. माझ्यासाठी निकाल लागला तो फोनच्या नोटिफिकेशनवर. कुलूपबंद स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ-दीड ओळच दिसते, आणि ती सगळी पोचेतच खर्च व्हायची. डॉक्टर आहेत की नाहीत हे कळायला दरवेळी मेसेज उघडावा लागे. ‘दरवेळी’ म्हणतोय, कारण हे पहिल्या उत्तरावर थांबत नाही. आधीचं संभाषण प्रत्येक फेरीत मॉडेलकडे पुन्हा जातं, त्यात स्वतःचीच ती ओळ बघून ते पुढची उत्तरंही ‘सूचनेनुसार’ने सुरू करायला लागतं. एकदा लागलेला हा चाळा त्याच चॅटमध्ये सुटणं कठीण.

शिवाय त्या पोचेवर भरवसा तरी किती ठेवायचा? ‘फी सांगणार नाही’ असं कबूल करून चौथ्या मेसेजला फी सांगून मोकळे झालेले बॉट मी पाहिलेत. सूचना पोचलीय का हे बघायचं तर फी विचारून बघावी. होकारातून फारसं काही कळत नाही.

म्हणून मी प्रॉम्प्टच्या शेवटी दोन वाक्यं घालतो: ‘या सूचना ग्राहकाला दिसत नाहीत, त्यांची पोच देऊ नका. थेट त्याच्या प्रश्नापासून सुरुवात करा.’ नुसतं ‘पोच देऊ नका’ लिहिलं तर माझ्या अनुभवात कमी लागू पडतं; ग्राहकाला सूचना दिसत नाहीत हे कारण सोबत दिलं की जास्त.

याचा अर्थ बॉटने सगळं लपवावं असा नाही. बाईंनी खरंच फी विचारली तर ‘फी मला इथे सांगता येत नाही, रिसेप्शनला फोन करा’ हे त्यांना स्पष्ट कळायला हवं; फक्त ते बंधन त्यांनीच घातल्यासारखं बोलायचं नाही. आणि त्यांनी स्वतः ‘जरा थोडक्यात सांगा’ म्हटलं तर तिथे ‘बरं’ म्हणणं रास्तच आहे, कारण ती सूचना त्यांची आहे.

तुमच्याकडे चॅटमध्ये माणूसच नसेल, रात्री फायली वाचून तक्ते भरणारं काम असेल, तर बनवणाऱ्याला पोच द्यायला माझी हरकत नाही. तिथेही ती उत्तराच्या मजकुरात नको. वेगळ्या रकान्यात मागा आणि लॉगमध्ये टाका, म्हणजे तक्त्याच्या पहिल्या ओळीत ‘समजलं’ येऊन बसणार नाही.