पारा, डायल की एलईडी: दवाखान्यात कोणतं बीपी मशीन ठेवायचं?

पाऱ्याच्या मशीनची नळी काळवंडली किंवा फुटली की सर्जिकलवाला सांगतो, "डॉक्टर, आता तसलं येत नाही. डायलचं घ्या, नाहीतर एलईडीचं." बरेच छोटे दवाखाने सध्या याच वळणावर आहेत. पुढचा आढावा त्यांच्यासाठी आहे, म्हणजे स्टेथोस्कोप कानाला लावून हातानेच बीपी घेणाऱ्यांसाठी. बटण दाबून आपोआप मोजणाऱ्या डिजिटल यंत्रांचा विषय वेगळा आहे, तो इथे घेत नाही. खालचे दाबाचे सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्याचे आहेत.

आधी कायद्याचं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. मिनामाता करार 2013 मध्ये झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी मशीन यांचं उत्पादन, आयात आणि निर्यात 2020 नंतर बंद करायची, असं त्यात ठरलं. भारताने 2018 मध्ये करार मान्य केला आणि 2025 पर्यंतची सवलत घेतली. बंदी बनवण्यावर, देशात आणण्यावर आणि देशाबाहेर नेण्यावर आहे. टेबलावर असलेलं जुनं मशीन वापरणं या कराराने गुन्हा ठरत नाही. मात्र सुटे भाग आणि पारा भरून देणारा माणूस मिळेनासा होतो, आणि मशीन खऱ्या अर्थाने तिथेच संपतं. एका टेबल मशीनमध्ये साधारण शंभर ग्रॅम पारा असतो, थर्मामीटरमध्ये जेमतेम एक. त्यामुळे थर्मामीटर फुटणं आणि बीपी मशीन सांडणं या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

पाऱ्याचं मशीन: चूक दिसते

पाऱ्याच्या खांबावरचा भरवसा आंधळा नाही. खांबाची उंची आणि पाऱ्याची घनता यांवरून दाब ठरतो, आणि घनता काही वापराने बदलत नाही. मशीन बिघडतं ते इतर कारणांनी, आणि ती कारणं बहुधा डोळ्यांना दिसतात. पारा थोडा सांडलेला असेल तर कफ मोकळा असताना खांब शून्याच्या खाली बसतो. पारा मळला तर काचेला काळा थर धरतो आणि वरची कड नीट वाचता येत नाही. नळीच्या वरच्या टोकाची हवेची जाळी चोंदली तर दाब सोडल्यावर खांब अडखळत, मागे राहून उतरतो. मशीन कलतं ठेवलं तरी आकडा चुकतो. शून्य पाहिलं, काच पाहिली, खांब झटकन उतरतो का ते पाहिलं, की रोजची तपासणी झाली. वर्षातून एकदा पूर्ण तपासणी पुरते.

म्हणून जुनं, चांगल्या स्थितीतलं पाऱ्याचं मशीन मोजमापाच्या कारणाने काढून टाकायची घाई नाही. घाई आहे ती पाऱ्याच्या कारणाने, विशेषतः जिथे मुलं फिरतात, फरशीला भेगा आहेत किंवा खोली बंद एसीची आहे.

डायलचं मशीन: चूक लपते

डायलच्या आत पातळ धातूची एक डबी असते. हवा भरली की ती फुगते. ते फुगणं जेमतेम डोळ्याला जाणवेल इतकंच, पण दांडी आणि दातेरी चक्र ते वाढवून काट्यापर्यंत पोचवतात. ही साखळी लहान असल्यामुळे मशीन खिशात मावतं, आणि ती नाजूक असल्यामुळेच ते भरकटतं. टेबलावरून एकदा पडलं की चक्राचा एखादा दात सरकतो. वर्षानुवर्षं फुगून-आकसून डबीचा धातू थकतो. काटा बहुतेक वेळा कमी दाखवायला लागतो, म्हणजे ज्याला औषध हवं तो 'नॉर्मल' ठरून घरी जातो.

यातली खरी मेख शून्यापाशी आहे. काही डायलमध्ये शून्यावर एक बारीक पिन असते आणि काटा तिला टेकून थांबतो. काटा सरकून खाली जायला निघाला तरी पिन त्याला शून्यावर धरून ठेवते. तुम्ही पाहता, शून्य बरोबर, मशीन बरोबर. पिन नसलेल्या डायलवर शून्यापाशी छोटी चौकट छापलेली असते, आणि काटा चौकटीबाहेर असला तर मशीन नापास. घ्यायचंच असेल तर पिन नसलेलं घ्या. पण चौकटीत काटा आहे म्हणजे 150 ला पण तो बरोबर आहे, असं नव्हे. शून्य जुळलेलं आणि वर चढताना चूक वाढत गेलेली, असेही डायल असतात.

दुरुस्तीच्या टेबलावर येतो तसा एक नमुना घेऊ. दवाखान्याचं म्हणणं, "मशीन ठीकच आहे, फक्त एकदा खाली पडलं होतं." काटा शून्यावर, काच शाबूत. कफ प्लास्टिकच्या कडक बरणीला गुंडाळायचा, रबरी नळीत टी-जोड बसवायचा आणि त्याच्या तिसऱ्या तोंडाला प्रमाणपत्र असलेला डिजिटल दाबमापक लावायचा. बल्ब हळू दाबताना डोळा काट्यावर ठेवायचा. दाबमापकावर 2 येतात, 4 येतात, काटा जागचा हलत नाही. 6 च्या पुढे गेल्यावर तो पिनेवरून सुटतो. तिथेच निदान झालेलं असतं, तरी पुढचे आकडे घ्यायचे. काटा डायलच्या रेघेवर नेमका आणून थांबवायचा, काही सेकंद स्थिर होऊ द्यायचा, समोरून सरळ पाहायचं आणि खरा दाब दाबमापकावर वाचायचा. डायलवरच्या रेघा दोन-दोनच्या असतात, म्हणून दोन रेघांमधला काटा अंदाजाने वाचण्यापेक्षा ही उलटी पद्धत बरी.

| डायलचा काटा | खरा दाब | चूक |
|---|---|---|
| 0 (पिनेवर) | 0 | दिसत नाही |
| 60 | 66 | 6 कमी |
| 100 | 106 | 6 कमी |
| 140 | 146 | 6 कमी |
| 180 | 186 | 6 कमी |
| 220 | 228 | 8 कमी |

आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे ISO 81060-1 मध्ये, अशा मशीनला कोणत्याही टप्प्यावर 3 पेक्षा जास्त चूक चालत नाही. इथे सगळीकडे 6 किंवा त्याहून जास्त. प्रत्यक्षात याचा अर्थ असा: 144/94 बीपी असलेल्या माणसाचं या मशीनवर 138/88 येतं. 140/90 ही रेघ आपण दोन्ही आकड्यांना लावतो आणि हा माणूस दोन्हीकडून निसटतो. पुढच्या महिन्यात आला तरी तसाच निसटेल, कारण मशीनची ही चूक दर वेळी त्याच बाजूला जाते. तीनदा बीपी घेऊन सरासरी काढल्याने ती पुसली जात नाही.

दुरुस्तीचा निर्णय तक्त्यातूनच मिळतो. चूक सगळीकडे सारखी असेल तर काटा उपसून जागेवर बसवता येतो. इथे वरच्या टोकाला ती 8 झाली आहे, म्हणजे आतही काहीतरी वाकलं असावं. काटा बसवून सगळे टप्पे पुन्हा घ्यावेत, आणि कुठेही 3 च्या वर चूक राहिली तर डायल बदलावा. दाब उतरतानाचे आकडेही घ्यायचे. चढताना आणि उतरताना एकाच टप्प्यावर 4 पेक्षा जास्त फरक दिसला तर साखळीत घर्षण किंवा ढिलेपणा आहे. बीपी आपण उतरतानाच वाचतो, त्यामुळे नुसत्या चढत्या आकड्यांवर पास केलेला डायल मला तरी अर्धवट तपासलेला वाटतो.

एलईडी किंवा एलसीडी पट्टीचं मशीन

पाऱ्याच्या खांबासारखी उभी पट्टी, पण आत दाब मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. आवाज ऐकायचा स्टेथोस्कोपनेच, फक्त पारा नाही. पडझडीचा धक्का डायलच्या मानाने त्याला कमी लागतो, आणि टेबलावरच राहत असल्यामुळे पडतंही कमी. पण त्याची एक खोड आहे. बरीच मशीन सुरू होताना जो दाब असेल त्यालाच शून्य धरतात. कफमध्ये आधीच्या पेशंटची हवा उरली असताना बटण दाबलं की तेवढी चूक दिवसभर. कफ पूर्ण मोकळा करून, नळी न दाबता सुरू करायचं, ही सवय नर्सला आणि कंपाउंडरला लावावी लागते. सेल संपत आले की काही मशीन चुकीचं काही न दाखवता सरळ बंद पडतात, ते त्यातल्या त्यात बरं. यालाही वर्षातून एकदा दाबमापकाशी जुळवून घ्यावंच लागतं.

तपासायचं कोणी, कधी

हातातल्या डायलसाठी सहा महिने, भिंतीवरच्या डायलसाठी एक वर्ष, आणि पडल्यावर त्याच दिवशी. बाहेरची कॅलिब्रेशन सेवा घेत असाल तर प्रयोगशाळा NABL मान्यताप्राप्त आहे का, आणि प्रमाणपत्रावर टप्प्याटप्प्याचे आकडे आहेत का, ते बघा. नुसता "OK" लिहिलेला स्टिकर मशीनवर चिकटवून गेलेला माणूस काय तपासून गेला, हे कुणालाच कळत नाही. एक डायल दुसऱ्या डायलशी जुळवणं हीसुद्धा तपासणी नाही. दोघेही सारखेच कमी दाखवत असतील तर छान जुळतात. जाळी चोंदलेलं जुनं पाऱ्याचं मशीन मानक म्हणून वापरणारेही आहेत. पाऱ्याचं मशीन मानक म्हणून चालतं, पण शून्य, काच आणि जाळी ठीक आहेत हे आधी पाहूनच.

गळतीची तपासणी मात्र दवाखान्यातच होते आणि तिला काहीच विकत घ्यावं लागत नाही. "मशीन चुकतंय" या तक्रारीमागे डायलपेक्षा रबरच जास्त वेळा निघतं. कफ बरणीला गुंडाळा, 200 पर्यंत भरा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करा आणि मिनिटभर हवा स्थिरावू द्या. नंतरच्या एका मिनिटात 4 पेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. बल्बजवळची नळी चिमटीत घट्ट धरा. उतरणं थांबलं तर दोष व्हॉल्व्ह-बल्बमध्ये, नाही थांबलं तर कफ, नळी किंवा जोडांत. गळकं मशीन सेकंदाला 2-3 च्या ठरलेल्या गतीने उतरत नाही, धावत उतरतं, आणि मग वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त लिहिला जातो.

मग घ्यायचं कोणतं?

एका जागी बसून बीपी घेणाऱ्या दवाखान्याने एलईडी पट्टीचं घ्यावं, असं माझं मत. डायल स्वस्त पडतो हे खरं, पण वर्षातल्या दोन तपासण्या धरल्या तर तो फरक बराचसा आटतो, आणि तपासण्या न धरता डायल घेणं म्हणजे चूक कधी सुरू झाली हे कधीच न कळणं. घरोघरी जाणाऱ्यांना, शिबिरं घेणाऱ्यांना डायलला पर्याय नाही. त्यांनी दातेरी चक्र नसलेला, धक्का सोसणारा प्रकार पाहावा, पिनवाला टाळावा आणि पडल्याची तारीख मशीनच्या मागेच लिहावी. ज्यांचं पाऱ्याचं मशीन धडधाकट आहे त्यांनी दुसरं हाताशी येईपर्यंत ते वापरावं, खाली कड असलेला ट्रे ठेवून.

ते काढायची वेळ आली की पारा सिंकमध्ये ओतू नका आणि मशीन पिवळ्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी भट्टीत जाते आणि पारा हवेत. भंगारवाल्यालाही देऊ नका. पाऱ्याच्या साठ्याची खीळ बंद करून, मशीन उभंच ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ते जायला हवं. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत, पण एकट्या दवाखान्याच्या एका मशीनसाठी गाडी येत नाही. गावातल्या चार-पाच डॉक्टरांनी मिळून, शक्यतो आयएमएच्या शाखेमार्फत, एकदम पाठवणं सोपं जातं. सांडलाच तर झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही लांब ठेवा, पंखा आणि एसी बंद करा, खिडक्या उघडा, हातातली सोन्याची अंगठी काढा. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र लोटा, सुईविना सिरिंजने ओढून घ्या आणि झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा.