ढोलाचा दणका आणि माझे २२,९९९ रुपये

आकडा मुद्दाम पूर्ण लिहिते, कारण घरात तो अजून कुणाला पूर्ण सांगितलेला नाही. सासूबाईंना वाटतं, चार-पाच हजार गेले.

आमचा लेक सहा वर्षांचा, स्वमग्न. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली शिरतो. आम्ही पुण्यात राहतो. पावसाळ्यात नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी आमच्याकडे कुणी धड जेवत नाही. अशाच एका रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: व्हॉट्सअ‍ॅप, 'मॅडम, दोनच पीस उरलेत', यूपीआय. 'खास ऑटिझमसाठी' इअर मफ, ४,४९९ रुपये.

खोकं हातात आलं तेव्हाच कळायला हवं होतं. त्यावर एकच ओळ होती, '१०० टक्के आवाज बंद'. असा मफ असूच शकत नाही, कान कितीही झाकले तरी थोडा आवाज कवटीच्या हाडांतून आत जातो. चांगल्या मफच्या खोक्यावर ईएन ३५२-१ हे युरोपीय मानक आणि एसएनआरचा, म्हणजे मफ एकूण किती आवाज अडवतो त्याचा, आकडा छापलेला असतो, मुलांच्या मफसाठी साधारण २५ डेसिबलच्या आसपास. सोबत एक छोटा तक्ताही असतो, कोणत्या पट्टीचा आवाज किती अडतो याचा. तो वाचाच. चिरका आवाज मफ चांगला अडवतो, जाड घुमणारा कमी. म्हणजे ताशा बराच दबतो, ढोल मात्र बऱ्यापैकी पोचतो. माझ्या खोक्यात तक्ता नव्हता. मी हिशेबनीस आहे, दिवसभर लोकांची बिलं तपासते, आणि ते खोकं मी रद्दीत टाकलं!

साधी परीक्षाही केली नाही. मफ आधी आपण घालून चालू मिक्सरशेजारी उभं राहायचं. उशी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. चष्म्याची काडी किंवा केसांचा पुंजका मध्ये आला की त्या फटीतून आवाज घुसतो. मी हे महिन्याभराने केलं. मिक्सर होता तेवढाच ऐकू आला. वाट्या नुसत्या पोकळ होत्या.

'उपयोग होत नाही' म्हटल्यावर त्यांनी कोर्स गळ्यात मारला. २१ दिवसांत आवाजाची भीती कायमची जाणार. १२,००० आधी, ६,५०० नंतर. करायचं काय, तर शिट्टीचं रेकॉर्डिंग रोज दहा मिनिटं मोठ्ठ्याने लावायचं, मूल रडलं तरी थांबवायचं नाही. 'रडतोय म्हणजे सुटतंय, ताई.' चौथ्या दिवशी माझ्या हातात नुसता मोबाइल दिसला तरी त्याने कान झाकले. पाचव्या दिवशी मी ६,५०० भरले. मूर्ख म्हणा. पण खऱ्या थेरपिस्टकडे तीन महिन्यांची रांग होती, आणि खात्रीने बोलणारा तेव्हा हा एकटाच होता.

रांग संपल्यावर जे कळलं ते नेमकं उलटं निघालं. आधी ऑडिओलॉजिस्टकडून कानांची तपासणी. मग तेच रेकॉर्डिंग, पण जेमतेम ऐकू येईल इतकं बारीक, तो आगगाडीचे डबे जोडत असताना, आणि बंद करायचं बटण त्याच्या हातात. हात कानाकडे जायच्या आत आपणच थांबवायचं. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं की आवाज एकच खूण वर, बिनसलं की एक खूण खाली. खऱ्या कुकरला तो लांबच्या खोलीत. 'आता तीन शिट्ट्या' असं आधी सांगायचं, मग तो बोटांवर मोजतो. दोन महिन्यांत तो पॅसेजपर्यंत आलाय. मिक्सर अजून जमत नाही. मिरवणुकीचा तर विषयच नको, त्या दिवशी आम्ही सरळ गावी जातो.

दिवसभर मफ घालून ठेवू नका. मी ठेवत होते. शांततेची सवय लागली की नेहमीचे आवाजही जास्त टोचायला लागतात. गर्दीपुरता घालायचा, घरी आलं की उतरवायचा.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा ग्राहकांचा प्रश्न. ग्राहकवाल्यांनी विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी स्वतःच गेले नसते का? बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुन्हा चौकीत गेले तर साहेब बंदोबस्तावर, गणपती ना! एका हवालदाराने तर विचारलं, 'पोरगं ढोलाला घाबरतं? चार दिवस ढोलाजवळ नेऊन बसवा, आपोआप सवय होईल.' हाच सल्ला मी १८,५०० रुपयांना विकत घेतला होता. (पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. मी लाजेपायी तीन आठवडे घालवले.)

परवा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' खाली विचारलं होतं, सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे?