जालना रोड की सिडको: दोन करारनामे शेजारी ठेवून

छत्रपती संभाजीनगरात ऑफिस हलवायचं म्हणून दोन करारनाम्यांचे मसुदे हातात आले. प्रत्येक आकड्यासमोर त्याचा कलम क्रमांक लिहून घेतला, कारण भाडं पहिल्या पानावर असतं आणि वाढ मात्र शेवटच्या परिशिष्टात सापडते.

| | जालना रोड | सिडको |
|---|---|---|
| मासिक भाडं | ४०,००० | ३७,००० |
| वाढ | ३ वर्षांनंतर १५% | दरवर्षी ८%, आदल्या भाड्यावर |
| अनामत | ६ महिने | ३ महिने |
| लॉक-इन | ३६ महिने, दोघांवर | १२ महिने, फक्त भाडेकरूवर |

सिडकोची जागा स्वस्त वाटते. पण तिचं भाडं दुसऱ्या वर्षी ३९,९६० आणि तिसऱ्या वर्षी सुमारे ४३,१५७ होतं. तीन वर्षांची बेरीज १४,४१,४०० च्या आसपास जाते, जालना रोडची १४,४०,०००. म्हणजे भाड्यात फरक उरतच नाही.

खरा फरक लॉक-इनमध्ये आहे. अठराव्या महिन्यात जागा सोडली, तर जालना रोडच्या मसुद्याप्रमाणे उरलेल्या १८ महिन्यांचं भाडं, ७,२०,००० रुपये, मालक मागू शकतो. सिडकोत दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटका होते. मात्र पहिल्या दिवसापासून तीच नोटीस मालकही देऊ शकतो. केबिन, वायरिंग, एसीवर खर्च करणाऱ्याला हे परवडत नाही.

आमची माणसं वाढतील की नाही हे नक्की नाही, म्हणून माझा कौल सिडकोला. अट एकच: मालकावरही किमान २४ महिन्यांचं लॉक-इन लिहून घ्यायचं, आणि सही त्यानंतरच.