भक्तनिवासाच्या नावाखाली 8,400 रुपये गेले

आई-बाबांसाठी देवस्थानाच्या भक्तनिवासात दोन खोल्या हव्या होत्या. गूगलवर शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली. मंदिराचा कळस, विश्वस्तांचे फोटो, देणगीचं पान, सगळं जागच्या जागी. बुकिंगचं बटण दाबलं की व्हॉट्सअॅप उघडत होतं. तिथे आधार कार्डं मागितली आणि 2,800 रुपयांचा क्यूआर पाठवला.

स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव आलं. संस्थान नाही, ट्रस्ट नाही, कुठल्यातरी माणसाचं आडनावासकट नाव. मी फोनवर तिथल्या तिथे विचारलं. "ताई, ते आमच्या अकाउंटंटचं नाव आहे, पावती संस्थानाचीच येईल." तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पण लोगो असलेली पावती खरंच आली, मग कुणाला शंका येईल? पुढे 5,600 रुपये अनामत म्हणून घेतले, चेक-इन झाल्यावर परत मिळतील म्हणाले. त्यानंतर "एंट्री फेल झाली" म्हणून 11,200 मागितले, तेव्हा मी फोन ठेवला. परत मिळणारी रक्कम म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले की समजून जा.

संस्थानाचे पैसे संस्थानाच्याच नावाच्या खात्यात जातात. स्क्रीनवर माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा, समोरचा काहीही सांगो.

मला वर दिसलेली ती साइट म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. पत्त्यात .org होतं म्हणून मी निर्धास्त होते. पण .org कुणीही विकत घेऊ शकतो, आणि कुलपाच्या खुणेवरून मालक कोण हे कळत नाही. gov.in मात्र सरकारी यंत्रणेलाच मिळतं. तिरुपतीची साइट ttdevasthanams.ap.gov.in अशी आहे. पण सोमनाथ ट्रस्टची खरी साइट somnath.org आहे, म्हणजे नुसत्या शेपटावरून निकाल लागत नाही. पत्ता अक्षर न् अक्षर जुळवावा लागतो, तोही जुन्या छापील पावतीवरून. त्याच पावतीवरच्या नंबरला फोन करून "ऑनलाइन खोल्या देता का?" एवढं आधी विचारा.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, cybercrime.gov.in वरचा पोचक्रमांक घेतला. बँक म्हणाली पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, रक्कम लहान आहे, बँकेतच विचारा. पुन्हा बँकेत गेले तर साहेब रजेवर. तासाभरात कळवलं तर समोरच्या खात्यात उरलेले पैसे गोठवता येतात, हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि तरी दोन खिडक्यांमध्ये मला फिरवत वेळ घालवला! देवस्थानाच्या कार्यालयात कळलं, असे भाविक त्यांच्याकडे नेहमी येतात. मग खऱ्या साइटच्या पहिल्या पानावर ठळक सूचना का नाही?

पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, चॅट आणि साइटच्या पत्त्याचे स्क्रीनशॉट आधी जपा, नंबर ब्लॉक नंतर करा. आणि तक्रारीनंतर "पैसे परत मिळवून देतो, 999 रुपये फी" असा फोन मला आला. तोही त्यांच्यातलाच.