शेती उत्पन्न आणि प्राप्तिकर: क्षैतिज की ऊर्ध्व समता, कोणता निकष आधी लावावा?

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर असावा का, हा वाद सांगली जिल्ह्यात तरी कधी संपत नाही. एकाच गावात निर्यातक्षम द्राक्षबाग असलेला बागायतदार, बाजारपेठेत गाळा असलेला व्यापारी आणि दवाखान्याबरोबर चार एकर शेती सांभाळणारा डॉक्टर असे तिघेही भेटतात. या प्रश्नावर ज्यांना आपले मत ठरवायचे आहे, त्यांच्यासमोर करशास्त्राचे दोन निकष असतात. ज्यांची करक्षमता सारखी आहे त्यांनी सारखाच कर द्यावा, ही क्षैतिज समता. आणि ज्यांची क्षमता कमी-जास्त आहे त्यांच्यावरील भार त्या फरकाला शोभेल असा असावा, ही ऊर्ध्व समता. दोन्ही एकाच वेळी साधतील अशी आपली सहज समजूत असते, पण शेतीच्या बाबतीत ते एकमेकांच्या आड येतात.

आधी क्षैतिज निकष लावून पाहू. तासगावातील तिघांचे निव्वळ वार्षिक उत्पन्न प्रत्येकी 18 लाख रुपये आहे असे धरू आणि 2025-26 या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीचे दर लावू. व्यापाऱ्याचे सर्व उत्पन्न दुकानातले असल्याने त्याचा कर 1,60,000 रुपये होतो आणि 4 टक्के उपकरासह तो 1,66,400 रुपये भरतो. बागायतदाराचे सर्व उत्पन्न द्राक्षांचे असल्याने त्याला काहीच भरावे लागत नाही, कारण शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेले आहे. डॉक्टरांचे 14 लाख दवाखान्याचे आणि 4 लाख शेतीचे आहेत. त्यांचा हिशेब थोडा वेगळा होतो, आणि हा भाग करदात्यांनाही अनेकदा ठाऊक नसतो.

शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादा ओलांडत असेल, तर दर ठरवण्यापुरती दोन्ही उत्पन्ने एकत्र केली जातात. त्यामुळे आधी 18 लाखांवरचा कर काढायचा, तो 1,60,000. मग शेतीचे 4 लाख आणि करमुक्त मर्यादेचे 4 लाख मिळून 8 लाखांवरचा कर काढायचा, तो 20,000. दोहोंची वजाबाकी 1,40,000 आणि उपकरासह 1,45,600 रुपये, हा डॉक्टरांचा कर. शेती नसती तर त्यांना 93,600 रुपयेच भरावे लागले असते. म्हणजे ज्या 4 लाखांवर कर नाही असे आपण म्हणतो, त्यांच्यामुळे डॉक्टरांचा भार 52,000 रुपयांनी वाढला. ही अंशतः एकत्रीकरणाची पद्धत शेतीतील उत्पन्न आणि संपत्तीवरील कराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या के. एन. राज समितीच्या 1972 च्या अहवालानंतर 1973 च्या वित्त अधिनियमाने आली. तिने ऊर्ध्व समता काही प्रमाणात सांभाळली, कारण अधिक क्षमतेच्या माणसाच्या करपात्र उत्पन्नाला वरचा दर लागू लागला. मात्र ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे तो पूर्वीसारखाच बाहेर राहिला. क्षैतिज निकषावर ही व्यवस्था नापास होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेतकऱ्या-शेतकऱ्यांमध्येही ती समान वागत नाही, कारण गोठ्यातल्या दुधाचे किंवा कुक्कुटपालनाचे उत्पन्न शेती उत्पन्न मानले जात नाही.

इथे थांबले तर निकाल सोपा वाटतो: सर्वांना एकच कायदा लावा. पण वरच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे 18 लाखांचे उत्पन्न दरवर्षी तेवढेच येते. दुकानाच्या बाबतीत ते साधारणपणे खरे असू शकते. द्राक्षबागेत मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला किंवा डाऊनी या बुरशीजन्य रोगाने घड गेले, तर वर्षभराचा खर्च अंगावर पडतो. म्हणून असा बागायतदार घेऊ ज्याला एका वर्षी 36 लाख मिळाले आणि दुसऱ्या वर्षी शून्य. दोन वर्षांची बेरीज व्यापाऱ्याइतकीच, 36 लाख. त्याला व्यापाऱ्याचेच दर लावले, तर पहिल्या वर्षी उपकरासह 6,86,400 रुपये कर होतो आणि दुसऱ्या वर्षी काहीच नाही. व्यापारी त्याच दोन वर्षांत 3,32,800 रुपये भरतो. चढते दर ऊर्ध्व समतेसाठी असतात, आणि तेच दर वर्षाच्या चौकटीत लावल्यावर सारख्या क्षमतेच्या माणसाकडून दुपटीहून अधिक वसूल करतात.

म्हणून माझ्या मते निवड करताना पहिला प्रश्न ‘कर हवा की नको’ हा नसून ‘सारखे कोण, आणि ते किती वर्षांत मोजायचे’ हा असायला हवा. अनेक वर्षांची सरासरी धरली, तर वरच्या बागायतदाराचे उत्पन्न पुन्हा 18 लाखांच्या आसपास ठरते आणि क्षैतिज निकष प्रामाणिकपणे लावता येतो. अडचण एवढीच की त्यासाठी खर्चाच्या नोंदी लागतात, आणि रोख मजुरी, घरच्या माणसांचे श्रम व उधारीवरची औषधे यांच्या नोंदी बहुतेक बागांत ठेवल्या जात नाहीत. नोंदी नसल्या की दुसरीकडूनही गैरफायदा घेतला जातो: इतर धंद्यातला पैसा शेतीचा म्हणून दाखवणे. एकरी दहा-बारा टन द्राक्षे हे चांगले उत्पादन समजले जाते. तेव्हा एकरभर बागेतून पंचवीस लाख निव्वळ मिळाले असे कोणी विवरणपत्रात लिहिले, तर बाजारभाव पाहूनच संशय यावा.

राज समितीने या अडचणीवर दुसरा मार्ग सुचवला होता: प्रत्यक्ष उत्पन्न न मोजता, त्या भागातील जमिनीचे सरासरी उत्पादन धरून जमीनधारणेवर चढत्या दराने कर आकारावा. ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. महाराष्ट्राच्या जमीन धारणा कायद्यात 1975 पासून बारमाही पाण्याच्या जमिनीची कमाल मर्यादा 18 एकर आणि कोरडवाहूची 54 एकर आहे. म्हणजे वाळव्याकडचा बागायती एकर हा जतच्या तीन जिरायती एकरांच्या बरोबरीचा, हे आपण कायद्याने मानलेच आहे. अशा मापनाने मोठा आणि छोटा धारक यांच्यातील ऊर्ध्व समता बऱ्यापैकी साधते आणि हिशेबाच्या वह्यांची गरज उरत नाही. पण ज्याची बाग गारपिटीत गेली आणि ज्याची वाचली, त्या दोन शेजाऱ्यांना सारखाच आकार लागतो. म्हणजे क्षैतिज समता पुन्हा तिथेच मोडते.

दोन्ही पर्याय समोर ठेवून मला असे वाटते की, ज्याला व्यापारी आणि शेतकरी यांच्यातील भेदच अन्यायकारक वाटतो, त्याने उंच करमुक्त मर्यादा आणि अनेक वर्षांची सरासरी यांचा आग्रह धरावा, आणि या दोन अटी नसतील तर कराला विरोध करावा. ज्याला मोठ्या धारकाने अधिक द्यावे एवढेच महत्त्वाचे वाटते आणि तपासणीची यंत्रणा नको आहे, त्याने धारणेवरचा कर निवडावा, पण पीकहानीच्या वर्षी सूट देण्याची तरतूद त्यात असावी. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण नोंदी ठेवण्याची सवय हळूहळू लागू शकते, तर गारपिटीत गेलेल्या बागेवरचा कर गावात कोणालाही पटवून देता येणार नाही. मागणी कुठे करायची याबाबत मात्र गोंधळ असतो: संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती उत्पन्नावरील कर राज्यसूचीत आहे. त्यामुळे हा कर थेट बसवायचा किंवा त्याचे दर ठरवायचे काम विधिमंडळाचे आहे, संसदेचे नाही.