प्री-सेव्हची लिंक तयार आहे, आता मध्यरात्र कुणाची धरायची?

वितरकाच्या फॉर्ममध्ये रिलीजच्या तारखेखाली बहुतेक वेळा आणखी एक छोटा पर्याय असतो: गाणं प्रत्येक देशात तिथल्या मध्यरात्री उघडायचं, की जगभर एकाच क्षणी? श्रोते फक्त महाराष्ट्रात असतील तर हा प्रश्नच येत नाही. पण मराठी गाण्याचे ऐकणारे दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतही असतात, आणि प्री-सेव्ह केलेलं गाणं त्यांच्या हाती कधी पडणार हे याच निवडीवर ठरतं.

समजा, पुण्यातली एक गायिका जानेवारीतल्या एका शुक्रवारी सिंगल आणते आहे. दुसऱ्या पर्यायासाठी तिने भारतातली संध्याकाळी सातची वेळ धरली आहे.

| श्रोता | स्थानिक मध्यरात्र (भारतीय वेळेनुसार) | एकच क्षण (श्रोत्याच्या घड्याळात) |
|---|---|---|
| सिडनी | गुरुवार संध्या. ६:३० | शनिवार रात्री १२:३० |
| पुणे | गुरुवार संपताच रात्री १२ | शुक्रवार संध्या. ७ |
| दुबई | शुक्रवार पहाटे १:३० | शुक्रवार संध्या. ५:३० |
| लंडन | शुक्रवार पहाटे ५:३० | शुक्रवार दुपारी १:३० |
| न्यू जर्सी | शुक्रवार सकाळी १०:३० | शुक्रवार सकाळी ८:३० |

कॅलिफोर्निया मुद्दाम वगळलं आहे. अमेरिकेत सहसा पूर्व किनाऱ्याची मध्यरात्र देशभर चालते, त्यामुळे सॅन होजेमधल्या मावशीला गाणं गुरुवारी रात्री नऊलाच मिळतं. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली की न्यू जर्सीचे साडेदहा साडेनऊ होतात. जुनं कोष्टक पुढच्या गाण्याला जसंच्या तसं लावू नका.

आता प्री-सेव्ह. स्पॉटिफायवर ही सोय बहुतेकदा तिसऱ्याच सेवेच्या लिंकमधून येते. श्रोता लॉग-इन करून आपल्या लायब्ररीत गाणं घालायची परवानगी देतो, आणि रिलीजनंतर ती सेवा त्याच्या वतीने गाणं सेव्ह करते. अॅपल म्युझिकमध्ये प्री-अॅड अॅपमध्येच होतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: गाणं लायब्ररीत जाऊन बसतं, वाजत नाही. प्री-सेव्हचा आकडा म्हणजे स्ट्रीम्स नव्हेत.

स्थानिक मध्यरात्र निवडली तर हे काम आपोआप देशागणिक पुढे सरकतं आणि जवळजवळ प्रत्येकाला शुक्रवारी उठल्यावर गाणं मिळतं. गोची होते ती सोशल मीडियावर. रात्री बाराला पुण्यातून 'आलं रे आलं' अशी स्टोरी पडते, तेव्हा न्यू जर्सीत गुरुवारची दुपार असते. तिथला भाचा लिंक दाबतो, गाणं करड्या रंगात दिसतं, दाबूनही वाजत नाही. तो पुन्हा येईलच याची खात्री नाही. उपाय साधा आहे: रात्रीची स्टोरी भारतासाठी, आणि सकाळी साडेदहानंतर दुसरी. लिंकचं पान प्री-सेव्हवरून 'ऐका'वर नेमकं कधी पालटतं, तेही तपासून ठेवा. बऱ्याच पानांना देशागणिक वेगळी वेळ कळत नाही. तिकडच्या एखाद्या मित्राला पान उघडून स्क्रीनशॉट पाठवायला सांगितलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. मात्र त्या मित्राचं खातं भारतातलं असेल तर काही कळणार नाही, कारण गाणं दिसणं खात्यावरच्या देशावर अवलंबून असतं.

एकच क्षण निवडला तर हा घोळ संपतो. यूट्यूबवरचा प्रीमियरही सगळ्या जगासाठी एकाच वेळी सुरू होतो, तेव्हा व्हिडिओ आणि ऑडिओ जोडीने येतात. पण दोन अडचणी आहेत. सगळ्याच सेवा ती वेळ पाळतीलच असं नाही. जी पाळत नाही तिथे गाणं स्थानिक मध्यरात्रीच उघडतं, म्हणजे पुण्यात प्रीमियरच्या एकोणीस तास आधी. वितरकाला हे लेखी विचारून घ्या. दुसरं म्हणजे वेळेचा रकाना कोणत्या घड्याळाचा आहे ते बघा. तो यूटीसीचा असेल तर संध्याकाळच्या सातसाठी १३:३० भरायचे. १९:०० भरलेत तर भारतात शनिवारचे साडेबारा वाजलेले असतील.

माझं मत विचाराल तर व्हिडिओ हाच गाण्याचा चेहरा असेल आणि प्रीमियरला चॅटमध्ये स्वतः बसणार असाल तरच एकच क्षण घ्या. नुसता ऑडिओ सिंगल असेल तर स्थानिक मध्यरात्र बरी, त्यात चुकायला जागा कमी.

दोन्ही पर्यायांत गाणं वितरकाकडे तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे किमान सात दिवस आधी पिच केलं तर ते फॉलोअर्सच्या शुक्रवारच्या रिलीज रडारमध्ये येतं. आणि प्री-सेव्ह सुरू झाल्यावर मिक्स बदलायचा मोह झाला, तर आधी वितरकाशी बोला. गाणं काढून नव्याने चढवलंत तर त्याचा ओळखक्रमांक बदलू शकतो, आणि जुन्या क्रमांकावर गोळा झालेले प्री-सेव्ह नव्या गाण्याला मिळत नाहीत.