२०० लिटरची गरम पाण्याची टाकी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

टाकी उभी, २०० लिटरची, खाली विजेची कॉइल आणि भोवती ५० मिलिमीटर पफचं आवरण. संध्याकाळी ६० अंशांवर नेऊन बंद करायची आणि सकाळी तेच पाणी वापरायचं, एवढ्यासाठीच घेतली. आठ महिन्यांत टाकीचा पत्रा, कॉइल, थर्मोस्टॅट यांबद्दल काहीच तक्रार नाही. मला लिहायचंय ते रात्रीतून उतरणाऱ्या तापमानाबद्दल.

पहिला महिना मी खूश होतो, कारण डायल सकाळी साडेछप्पन्न दाखवायचा. पण निम्म्या आंघोळी झाल्या की पाणी कोमट व्हायचं. मग टाकीच्या अंगाला आवरणाखाली वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन सेन्सर चिकटवली. संध्याकाळी तिन्ही ६०. बारा तासांनी वर ५६.५, मध्ये ५३.५ आणि तळाशी ४९. भिंतीलगतचं पाणी निवतं, जड होतं आणि खाली सरकत तळाशी साचतं, म्हणून वरचा डायल खरी घट दाखवतच नाही. सरासरी ५३, म्हणजे घट ७ अंशांची.

ही घट जास्त की रास्त, हे हिशेबाशिवाय कळत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने निवलं की सुमारे १.१६ वॅट-तास उष्णता जाते. २०० लिटरला अंशामागे २३२ वॅट-तास, तेव्हा ७ अंशांचे १,६०० पेक्षा थोडे जास्त. बारा तासांत विभागले तर सरासरी १३५ वॅट रात्रभर बाहेर पडत होते.

आता आवरणातून किती जायला हवेत? त्याचं क्षेत्रफळ साधारण २.४ चौरस मीटर, पफची उष्णता-वाहकता ०.०२५ च्या आसपास, जाडी ०.०५ मीटर. गुणाकार-भागाकार केला की आतबाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे १.२ वॅट येतात. बाहेर २० अंश होते, फरक सुरुवातीला ४०, म्हणजे ४८ वॅट. नुसतं आवरण जबाबदार असतं तर रात्रीत अडीच अंशच उतरायला हवे होते. उरलेले साडेचार कुठे गेले?

इथे मी चूक केली. आवरण कमी पडतंय असं धरून वरून आणखी ५० मिलिमीटरची ग्लासवूल गुंडाळली. मेहनत बरीच, फळ एक अंशाहूनही कमी: घट ७ वरून ६.२ वर. हे आधीच लक्षात यायला हवं होतं. आवरणातून एकूण गळतीचा जेमतेम तिसरा हिस्सा जात असेल, तर त्याची जाडी दुप्पट करूनही त्या तिसऱ्या हिश्शातलाच थोडा भाग वाचणार.

उत्तर हाताला सापडलं. एकदा पहाटे, कोणीही नळ उघडायच्या आधी, टाकीच्या माथ्यावरून वर जाणाऱ्या गरम पाण्याच्या उघड्या पाइपला हात लावला. टाकीपासून दीड मीटरवरही पाइप चांगला कढत होता! रात्रभर पाणी वापरलेलं नसताना तो थंड असायला हवा. पाणी त्याच पाइपात मधून वर चढत होतं, निवून कडेने खाली उतरत होतं, आणि पाइप रेडिएटरसारखा खोली तापवत होता. कॉइलच्या फ्लँजवरचं झाकण आणि सेफ्टी व्हॉल्व्हही तसेच तापलेले. त्याआधी एका रात्री गरम बाजूचा कॉक बंद ठेवून नळ गळत नाही याची खात्री केली होती. ती गरजेची, कारण रात्रीत दहा लिटर गरम पाणी गेलं आणि तितकंच २० अंशांचं आत आलं, तर सरासरी तेवढ्यानेच दोन अंशांनी उतरते.

मग ग्लासवूल काढून टाकली. प्लंबरकडून पाइप टाकीतून निघताच आधी खाली वळवून मग वर नेला, म्हणजे गरम पाणी त्या वळणातच अडतं. पहिले दोन मीटर पाइप फोमच्या नळीत घातले आणि फ्लँजच्या झाकणाआत फोमचा तुकडा बसवला. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड आणि दांडी मोकळीच ठेवली, ती झाकू नये. पुढच्या तशाच रात्री घट ३.५ अंश.

आकडे ताडून पाहताना ऋतू मध्ये येतो. बाहेर ३० अंश असताना माझी घट २.६ झाली, पण टाकी काही आणखी सुधारली नव्हती, फरकच कमी होता. म्हणून मी घटीला रात्रीच्या सरासरी फरकाने भागतो. आधी ७ भागिले ३६.५, म्हणजे ०.१९. आता थंडीतही आणि उकाड्यातही ०.०९. हा आकडा वाढू लागला तर आधी पाइप चाचपायचा, आणि तो थंड निघाला तर आवरणात कुठून ओल शिरली का ते पाहायचं. नुसत्या पफचा हिशेब ०.०६ वर येतो. उरलेला ०.०३ टाकीच्या लोखंडी पायांतून आणि निपलांतून जात असावा. पायांखाली अजून काही घातलेलं नाही, त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल.